तीन गुणांचे एक उत्तर

रंकाळ्याच्या कठड्यावर आमची रोजची बैठक असते. परवा तिथे मी दहावीच्या सराव परीक्षेतील इतिहासाची नमुना उत्तरपत्रिका वाचायला काढली. ती तपासायची होती, परंतु सारी संध्याकाळ एकाच प्रश्नावर गेली: ‘राजर्षी शाहू महाराजांनी 1902 मध्ये मागासवर्गीयांना 50 टक्के नोकऱ्या दिल्या. सकारण स्पष्ट करा. (3 गुण)’

मी नमुना उत्तर असे लिहिले होते: ‘महाराजांना सामाजिक समता हवी होती, मागासवर्गीयांवर अन्याय होत होता, त्यांचा उद्धार व्हावा म्हणून हा निर्णय घेतला.’ आण्णांनी, ज्यांचा जन्म पेपर तपासण्यात गेला आहे, ते ऐकताच हरकत घेतली. त्यांच्या मते ही तीन वाक्ये असली तरी मुद्दा एकच आहे, आणि ‘1902’ च्या जागी कोणतेही साल घातले तरी उत्तर तसेच राहते. जे उत्तर दुसऱ्या कोणत्याही सुधारकाला लागू पडते, त्याला तीन गुण कशाचे द्यायचे, असा त्यांचा सवाल होता.

मग 26 जुलै 1902 च्या जाहीरनाम्यात कारण काय दिले आहे, हे आण्णांनी सांगितले. सर्व प्रजेला शिक्षणासाठी उत्तेजन देण्याचे प्रयत्न झाले, परंतु मागासलेल्या वर्गांत त्यांना अपेक्षित यश आले नाही. उच्च शिक्षणाची फळे सर्वांत पुरेशी वाटली जात नाहीत, हे त्याचे कारण दिले आहे. म्हणून संस्थानच्या नोकरीत या वर्गांसाठी जागा राखून ठेवायच्या, म्हणजे ते शिकायला पुढे येतील. त्याआधीची स्थितीही कळायला हवी: महाराज 1894 मध्ये गादीवर आले, तेव्हा सामान्य प्रशासनातील 71 पैकी 60 जागांवर एकाच जातीचे अधिकारी होते.

त्यावरून तीन गुणांची विभागणी आपोआप झाली. अधिकाराच्या जागा मोजक्या वर्गांच्या हाती होत्या, हा पहिला गुण. शिकूनही नोकरी मिळत नसल्याने मागासवर्ग शिक्षणाकडे वळत नव्हते, हा दुसरा. आणि नोकरीची वाट उघडल्यास शिक्षण वाढेल व राज्यकारभारात वाटा मिळेल, हा तिसरा. आकडे न लिहिल्यास गुण कापायचे नाहीत. ‘शिकून उपयोग काय, असे लोकांना वाटत होते’ इतक्या साध्या शब्दांत दुसरा मुद्दा आला, तरी पूर्ण गुण द्यायचा. पर्यायी उत्तर म्हणजे शब्द वेगळे आणि कारण तेच, असे ताई म्हणाल्या आणि मला ते पटले.

खरा वाद वेदोक्त प्रकरणावरून झाला. पुरोहितांनी महाराजांचे धार्मिक विधी वेदमंत्रांनी करायला नकार दिला होता, आणि बरीच मुले हा वेदोक्त नाकारल्याचा अपमान हेच जाहीरनाम्याचे कारण मानून लिहितात. भाऊंचे म्हणणे असे की प्रकरण जाहीरनाम्याआधीचे आहे, कोल्हापुरातलेच आहे, मग ते चूक कसे ठरवायचे? आण्णा मात्र एकही गुण द्यायला तयार नव्हते, कारण जाहीरनामा शिक्षण आणि नोकरी यांविषयी बोलतो, धार्मिक अधिकारांविषयी नाही. अखेर ताईंनी सीमारेषा आखली: त्या अनुभवातून जातिभेदाची धार महाराजांना अधिक जाणवली, असे लिहून मुलाने ते नोकऱ्यांच्या विषमतेशी जोडले, तर पहिल्या मुद्द्याचा गुण द्यावा, नुसत्या अपमानाच्या हकिगतीला शून्य. भाऊंना हे आजही कठोर वाटते.

नेहमीच्या चुकांच्या रकान्यात आम्ही दोनच नोंदी ठेवल्या. 1917 च्या सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाला 1902 चे कारण म्हणून लिहिणे, ही पहिली. पुढची घटना मागचे कारण होऊ शकत नाही, म्हणून तिला गुण नाही. दुसरी, ‘अनुसूचित जातींना आरक्षण दिले’ हे वाक्य. तो शब्द नंतरच्या काळातला आहे, आणि जाहीरनाम्यातील मागासलेल्या वर्गांत ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून सारेच येत होते. इथे मुलाचे कारण बरोबर असेल तर गुण द्यायचा आणि शब्दाखाली खूण करायची, असे ठरले.

‘असलेल्या लोकांना काढून निम्म्या नोकऱ्या दिल्या’ ही तिसरी चूक मी सांगितली, तेव्हा ताईंनी माझाच प्रश्न पुन्हा वाचायला लावला. आदेश मिळाल्यापासून भरायच्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या राखीव होत्या. नेमलेल्या कोणाला काढायचे नव्हते. माझ्या प्रश्नातील ‘50 टक्के नोकऱ्या दिल्या’ हेच शब्द मुलाला त्या चुकीकडे ढकलत होते. ती चूक मुलाच्या खात्यावर लिहिणे मला जमले नाही. प्रश्नात मी ‘रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के जागा राखीव ठेवल्या’ असा बदल केला.

आण्णांनी आणखी एक काम दिले आहे. गठ्ठ्यातील पहिली दहा उत्तरे या पत्रिकेने तपासायची, कुठे अडले ते तिच्यात लिहायचे आणि सुधारणा झाल्यावर ती दहाही पुन्हा तपासून मगच पुढच्या उत्तरांना हात लावायचा.