बँकेत आलेले पैसे म्हणजे उत्पन्न नव्हे

आज सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर एका नातेवाइकांनी माझ्या भाचीला जाहीर सल्ला दिला. "टीडीएस कापला ना? मग टॅक्स भरून झाला. आता बँकेत जेवढे आले तेवढे दाखव आणि कापलेले परत माग. रील्सच्या धंद्याला कसलं बिल आणि कसला हिशेब!" खाली आठ-दहा जणांनी अंगठे दाखवले. मला इतका राग आला की डबा भरता भरता फोन बाजूला ठेवावा लागला. पगारदार माणसाला ऑफिस आयता फॉर्म १६ हातात देतं. त्याने पहिल्याच वर्षी स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या मुलीला असलं काही ठोकून सांगू नये.

पोरगी कंपन्यांसाठी स्क्रिप्ट लिहिते, माहितीपर व्हिडिओ करून देते. २०२५-२६ हे तिचं नोकरीशिवायचं पहिलं पूर्ण वर्ष. रिटर्न भरायचं म्हणून ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्यासमोर तीन आकडे होते आणि तिन्ही वेगळे. तिने दिलेल्या बिलांची बेरीज ७,००,०००. ३१ मार्चपर्यंत बँकेत जमा झालेले ५,७६,०००. आणि आयकराच्या पोर्टलवर २६एएसमध्ये, म्हणजे तिच्या पॅनवर कापलेल्या कराच्या पत्रकात, दिसणारी रक्कम ५,२०,०००, त्यावर कापलेला टीडीएस ५२,०००. "मावशी, यातलं माझं उत्पन्न कोणतं?" एवढंच तिने विचारलं.

तिचं उत्पन्न ७,००,०००. बिलातून कापलेला टीडीएस ही तिचीच कमाई आहे, फक्त कंपनीने ती तिच्या वतीने सरकारजमा केली. म्हणून उत्पन्नात पूर्ण बिल धरायचं आणि कापलेली रक्कम भरलेला कर म्हणून वळती करायची. नातेवाइकांच्या हिशेबाने गेलं तर ५२,००० उत्पन्नातूनही वगळायचे आणि परतही मागायचे. असं कसं चालेल?

आणि २६एएस म्हणजे सगळं उत्पन्न असंही नाही. तिची १,८०,००० ची कामं लहान लोकांची होती, एक क्लासवाले, एक लेखक. त्यांच्यावर टीडीएस कापायचं बंधन नव्हतं, त्यांनी कापला नाही, म्हणून ती रक्कम तिथे दिसतच नाही. दिसत नाही म्हणून ती दाखवायची नाही, असं सुचवणारेही भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पैसे बँकेतच आलेत.

आता खरी गाठ. बिलं सात लाखांची, बँकेत ५,७६,०००. त्यात टीडीएसचे ५२,००० मिळवले तरी ७२,००० कमी पडतात. ती हादरलीच होती, तिला वाटलं कुठलं तरी बिल बुडालं. मी तिची वही उघडली. साधी आखलेली वही, पण काय नीट ठेवली आहे! बिल नंबर, तारीख, कोणाला दिलं, बिलाची रक्कम, टीडीएस, पैसे आल्याची तारीख, आलेली रक्कम. शेवटून दुसऱ्या ओळीत उत्तर होतं. १६ मार्चचं ८०,००० चं बिल. कंपनीने ते मार्चमध्येच आपल्या खात्यात घेतलं, नियमाप्रमाणे त्याच वेळी ८,००० टीडीएस कापला आणि बाकीचे ७२,००० दिले मे महिन्यात. व्यावसायिक फीवर टीडीएस पैसे देताना किंवा खात्यात जमा दाखवताना, यातलं जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. म्हणून टीडीएस एका आर्थिक वर्षात आणि पैसे दुसऱ्यात.

इथे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे बिलाच्या तारखेने हिशेब. ८०,००० याच वर्षाचं उत्पन्न आणि ८,००० ही याच वर्षी वळते. दुसरा म्हणजे पैसे आल्याच्या तारखेने. मग ते ८०,००० पुढच्या वर्षीचं उत्पन्न, आणि त्यासोबत ते ८,००० ही पुढच्या वर्षी. रिटर्नमध्ये टीडीएसच्या तक्त्यात पुढच्या वर्षी नेण्यासाठी रकाना असतो, तो त्याचसाठी आहे. दोन्ही कायदेशीर, पण एक धरला की दरवर्षी तोच धरायचा. जे चालत नाही ते म्हणजे टीडीएस आत्ता घ्यायचा आणि उत्पन्न नंतर दाखवायचं. सकाळचा सल्ला नेमका हाच होता. विभागाकडे कंपनीने कळवलेली रक्कम असते, तुमचं रिटर्न तिच्याशी जुळलं नाही की परतावा अडकतो आणि खुलासा मागणारं पत्र येतं. आम्ही बिलाची तारीख धरली.

ग्रुपवर दुसऱ्या एकाने लिहिलं, "कर शून्यच येणार, मग एवढी उठाठेव कशाला?" शून्य येतो, हे मान्य. सात लाखांतून सॉफ्टवेअर, इंटरनेट, एडिटिंगची मदत मिळून ८२,००० गेले. नोव्हेंबरमध्ये घेतलेल्या ९०,००० च्या लॅपटॉपचा पूर्ण खर्च एकदम धरता येत नाही. घसारा ४० टक्के, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला म्हणून निम्मा, म्हणजे १८,०००. उरले सहा लाख. नव्या करप्रणालीत त्या वर्षी १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलत मिळून कर लागत नाही. पण म्हणूनच तर ते अख्खे ५२,००० तिला परत मिळायचे आहेत! तिचं दोन महिन्यांचं घरभाडं त्यात निघतं. ते वहीतल्या एका ओळीवर अवलंबून आहे आणि तुम्ही म्हणता उठाठेव.

खरं सांगायचं तर राग नातेवाइकांपेक्षा त्या मार्चवाल्या कंपनीचा जास्त आहे. आधी तिला म्हणाले, बिल नको, मेसेजवर खाते नंबर टाका. तिने तरी बिल दिलंच. पुढे पैशांसाठी फोन केला की "अकाउंट्सला विचारा". तिच्या बिलावर अनुक्रमांक, तारीख, तिचं नाव-पत्ता, पॅन, कंपनीचं पूर्ण नाव, कोणते तीन व्हिडिओ, किती दिवसांत पैसे द्यायचे, सगळं होतं. जीएसटी नोंदणी नाही असंही लिहिलं होतं आणि जीएसटी लावलाही नव्हता. सेवांसाठी वीस लाखांच्या आत उलाढाल असताना नोंदणी नसेल तर तो लावायचा नसतोच. रक्कम पूर्ण ८०,०००, टीडीएस वजा न करता. तो कंपनीने कापायचा, आपण नाही. मे महिन्यात तिने तेच बिल परत मेल केलं, तेव्हा कुठे पैसे सुटले. एवढं साधं कागदपत्र नको म्हणणारी माणसं नवख्या मुलांची कमाई वापरतात, याची मला चीड आहे.

असो. लिहिता लिहिता थोडी शांत झाले. अकाउंट्समधल्या माणसांनाही मार्चमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते, तेही मी पाहते.

तुमच्या घरात कोणी असं पहिलं वर्ष संपवलं असेल तर त्यांना रिटर्नची घाई करू देऊ नका. जानेवारी ते मार्चचा टीडीएस कंपन्या ३१ मेपर्यंत विवरणपत्रात दाखवतात, त्यानंतर टीडीएसचा दाखला, म्हणजे फॉर्म १६ए, जूनच्या मध्यापर्यंत मिळायला हवा. त्याआधी २६एएस अर्धवट असू शकतं. १६ए आला की वहीतली प्रत्येक टीडीएसची ओळ त्याच्याशी ताडून बघायची, पॅनसकट. एखादी ओळ दिसली नाही तर त्या कंपनीला बिल नंबर आणि तारीख लिहून मेल करायचा. चूक त्यांच्या विवरणपत्रात असेल तर दुरुस्तीही त्यांनाच करावी लागते, आपल्याला पोर्टलवरून ती करता येत नाही. माझ्या भाचीचा एक १६ए अजून आलेला नाही, ६,००० च्या टीडीएसचा. तिने काल मेल केलाय, फोन उद्या मी करणार आहे.