जहाजाच्या पाठीवर लिहिलेले बंदर

प्रत्येक व्यापारी जहाजाच्या मागच्या बाजूला, ज्या भागाला आपले जुने दर्यावर्दी वरामा म्हणत आले आहेत, तिथे जहाजाच्या नावाखाली, त्याची नोंदणी जिथे झाली त्या बंदराचे नाव ठळक अक्षरांत रंगवलेले असते. पुष्कळदा ते जहाज त्या बंदरात आयुष्यात एकदाही गेलेले नसते. मालक तिथला नसतो, खलाशी तिथले नसतात, मालाचाही त्या देशाशी संबंध नसतो. तरीही किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्रावर, त्या जहाजावर कोणाचा कायदा चालणार हे त्या नावावरूनच ठरते. मी बरीच वर्षे जहाजांवर काढली आहेत, आणि नव्या जहाजावर चढण्यापूर्वी तिथे काय लिहिले आहे हे पाहण्याची सवय मला आजही आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या 1982 च्या सागरी कायदाविषयक कराराच्या 91 व्या कलमात असे म्हटले आहे की जहाज आणि त्याची नोंदणी करून त्याला ध्वज देणारे राष्ट्र यांच्यात खरा संबंध असला पाहिजे. 94 वे कलम त्या राष्ट्राची कर्तव्ये सांगते. जहाजाची बांधणी आणि समुद्रात जाण्याची योग्यता, त्यावरील माणसांची संख्या, प्रशिक्षण आणि कामाच्या अटी यांवर त्या राष्ट्राने प्रत्यक्ष नियंत्रण ठेवायचे आहे, ठरावीक काळाने तपासणी करायची आहे आणि गंभीर अपघात झाला तर चौकशीही करायची आहे. खरा संबंध म्हणजे नेमके काय, हे मात्र करारात कुठेही सांगितलेले नाही. ते ठरवण्यासाठी 1986 मध्ये वेगळा करार तयार झाला, पण पुरेशा देशांनी तो स्वीकारलाच नाही आणि तो अमलात आला नाही. सगळी गडबड या पोकळीतून सुरू होते, असे माझे मत आहे.

या पोकळीत सोयीच्या ध्वजाचा व्यवसाय उभा राहिला. मालक परदेशी असला तरी चालतो, खलाशी कोणत्याही देशाचे चालतात, कर नाममात्र असतो, आणि नोंदणी एखाद्या खाजगी कंपनीमार्फत, कधी कधी त्या देशाबाहेरच्या कार्यालयातूनसुद्धा होते. लायबेरियाची नोंदणी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातून चालवली जाते. तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. लायबेरिया आणि मार्शल आयलंड्स यांची जहाजे युरोपातील बंदरांच्या तपासण्यांमध्ये वर्षानुवर्षे चांगल्या ध्वजांच्या पांढऱ्या यादीत राहिलेली आहेत. खलाशांच्या संघटना त्यांना सोयीचे ध्वजच म्हणतात, आणि ते बरोबरही आहे, पण सोयीचा ध्वज म्हणजे मोडके जहाज हे समीकरण चुकीचे आहे. मालक नाहीसा झाला, तर त्या ध्वजाच्या कार्यालयातील कोणी पुढे येऊन काही करणार आहे का, एवढाच प्रश्न मी विचारतो.

या प्रश्नासाठी रोसस या जहाजाची हकीकत सविस्तर पाहावी असे मला वाटते. लेबनॉनमधील बैरूत बंदराच्या स्फोटामुळे हे नाव जगाला ठाऊक झाले, पण स्फोटापूर्वी त्या जहाजावरच्या माणसांचे काय झाले याची चर्चा फार थोडी झाली.

रोसस 1986 मध्ये जपानमध्ये बांधलेले मालवाहू जहाज होते. 2013 मध्ये त्यावर मोल्दोव्हाचा ध्वज होता. मोल्दोव्हाला समुद्रकिनारा नाही. डॅन्यूब नदीचा काही शे मीटरांचा काठ तेवढा आहे. समुद्र नसलेल्या देशालाही जहाजे नोंदवण्याचा अधिकार आहे आणि त्यात गैर काही नाही, पण त्या काळात मोल्दोव्हाचा ध्वज युरोपीय तपासण्यांच्या काळ्या यादीत होता. जहाज चालवणारा माणूस सायप्रसमध्ये राहणारा होता, त्याची कंपनी मार्शल आयलंड्समध्ये नोंदलेली होती, आणि स्फोटानंतर शोधपत्रकारांनी कागद उकरले तेव्हा मालकीचा धागा पनामातील तिसऱ्याच कंपनीकडे निघाला. म्हणजे मालक कोण हे ठरवायलाच अनेक देशांची दप्तरे धुंडाळावी लागली.

2013 च्या जुलैमध्ये स्पेनमधील सेव्हिल बंदरात तपासनिसांनी या जहाजात 14 त्रुटी काढून ते रोखून धरले होते. काही दिवसांनी ते सुटले. सप्टेंबरमध्ये जॉर्जियातील बातुमी बंदरात त्यात 2750 टन अमोनियम नायट्रेट भरले गेले. माल मोझांबिकला जायचा होता. कप्तानाने पुढे सांगितल्याप्रमाणे, आधीचे खलाशी पगार थकल्यामुळे वाटेतच, तुर्कस्तानात, उतरून गेले होते आणि तिथे नवे खलाशी चढले. नोव्हेंबरमध्ये जहाज बैरूतला वळवण्यात आले, कारण पुढच्या प्रवासाचा खर्च भागवण्यासाठी डेकवर अवजड यंत्रसामग्री चढवून जादा भाडे मिळवायचे होते. डेकला तो भार पेलेना. मग बंदराच्या तपासनिसांनी जहाज समुद्रात जाण्यास अयोग्य ठरवून त्याला निघण्यास मनाई केली, धनकोंनी न्यायालयातून जप्ती आणली, आणि मालकाने हात वर केले.

बहुतेक खलाशांना घरी जाऊ दिले गेले. कप्तान आणि आणखी तिघांना मात्र जहाज सांभाळण्यासाठी किमान माणसे हवीत म्हणून बंदर अधिकाऱ्यांनी उतरू दिले नाही. हे चौघे जवळपास दहा महिने त्या जहाजावर होते, पगाराविना, खाण्यापिण्याची ददात सोसत, आणि पायाखालच्या कोठारांत तो स्फोटक माल. वकील लावायला पैसे नव्हते म्हणून कप्तानाने जहाजातील इंधन विकले. माल धोकादायक असल्याने या माणसांच्या जिवाला धोका आहे, असा युक्तिवाद त्यांच्या वकिलांनी बैरूतच्या न्यायालयात केला आणि 2014 मध्ये त्यांची सुटका झाली. त्यानंतर माल बंदराच्या 12 क्रमांकाच्या गोदामात गेला, रिकामे जहाज 2018 च्या फेब्रुवारीत बंदरातच बुडाले, आणि 4 ऑगस्ट 2020 रोजी गोदामाचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे मेली. तो माल सहा वर्षे तसाच पडू दिला, ही जबाबदारी तिथल्या बंदर यंत्रणेची आहे. ती मी ध्वजावर ढकलणार नाही. पण ते जहाज त्या अवस्थेत त्या बंदरात पोहोचलेच कसे, या प्रश्नाचे उत्तर ध्वजापाशी जाते.

ध्वज देणाऱ्या राष्ट्राला हस्तक्षेपाची संधी एकदा नव्हे, तीनदा होती. सेव्हिलमध्ये जहाज रोखले जाते तेव्हा त्याची सूचना ध्वजराष्ट्राला जाते. 14 त्रुटींची सूचना आल्यावर जबाबदार ध्वजराष्ट्र आपला सर्वेक्षक पाठवते, आणि गरज पडली तर प्रमाणपत्र काढून घेते. दुसरी संधी खलाशी पगारावरून उतरले तेव्हा होती. तिसरी बैरूतमध्ये, जेव्हा मालक नाहीसा झाला आणि त्या चौघांना घरी पोहोचवणे हे ध्वजराष्ट्राचे काम उरले. खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे 2006 चे मॅरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, 20 ऑगस्ट 2013 रोजी, म्हणजे बातुमीला माल चढण्याच्या काही आठवडे आधीच, लागू झाला होता. पण तेव्हा तो ना मोल्दोव्हाने स्वीकारला होता, ना लेबनॉनने. त्यामुळे त्याच काळात दुसऱ्या ध्वजाखाली असलेल्या खलाशाला जो आधार मागता आला असता, तो या चौघांना मागता आला नाही. नोंदणीने फरक पडतो असे मी म्हणतो ते या अर्थाने.

बंदरांच्या तपासण्या आहेत ना, मग ध्वजाची एवढी चिंता कशाला, असे अनेकजण म्हणतात. बंदरातला तपासनीस काही तासांसाठी जहाजावर येतो. त्याला गंजलेले डेक आणि बंद पडलेला पंप दिसतो, पण मालकाने विम्याचा हप्ता भरला आहे का आणि पुढच्या महिन्याचा पगार येणार आहे का, हे त्याला दिसत नाही. शिवाय तो जहाज अडवू शकतो, पण अडवलेल्या जहाजावरच्या माणसांना कोण पोसणार याचे उत्तर त्याच्याकडे नसते. रोससला बैरूतमध्ये रोखणे योग्यच होते, आणि त्या रोखण्यानेच चौघे अडकले.

मॅरिटाइम लेबर कन्व्हेन्शनमधील एक दुरुस्ती 18 जानेवारी 2017 पासून लागू झाली, आणि ती मला फार मोलाची वाटते. आता मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडले तर उपयोगी पडेल असा विमा किंवा हमी आधीच घेऊन ठेवावी लागते, आणि त्याचे प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल अशा जागी लावावे लागते. घरी परतण्याचा खर्च, अन्नपाणी, जगण्यासाठी लागणारे इंधन, औषधोपचार आणि जास्तीत जास्त चार महिन्यांचा थकलेला पगार त्यातून मिळतो. मालकाने संबंध तोडले आणि निदान दोन महिन्यांचा पगार दिला नाही, तर खलाशाला सोडून दिले असे धरता येते, आणि खलाशी थेट विमा कंपनीकडे मागणी करू शकतो. समजा, जानेवारीपासून पगार बंद झाला. मार्चच्या सुरुवातीलाच मागणी करता येते. पण कप्तान म्हणतो थांबा, मालक म्हणतो पुढच्या बंदरात देतो, आणि खलाशी ऑगस्टपर्यंत थांबतो. तेव्हा सात महिने थकलेले असतात आणि हमी चारच महिन्यांची असते. उरलेल्या तीन महिन्यांसाठी जहाजावर जप्ती आणून लिलावाची वाट पाहावी लागते. म्हणून तरुण खलाशांना मी आवर्जून सांगतो की दोन महिने उलटले की त्याच आठवड्यात लेखी मागणी करा.

या व्यवस्थेचा कणाही पुन्हा ध्वजराष्ट्रच आहे. विमा कंपनीला हमी मुदतीआधी संपवायची असेल तर निदान 30 दिवस आधी ध्वजराष्ट्राला कळवावे लागते. जो मालक पगार थकवतो तो हप्ताही थकवतो, त्यामुळे ही सूचना म्हणजे संकटाची पहिली घंटा असते, आणि ती खलाशाच्या नव्हे, त्या कार्यालयाच्या कानी पडते. तिथे कोणी ते पत्र उघडून कारवाई केली नाही, तर मेसच्या भिंतीवर लटकणारा कागद एकतिसाव्या दिवशी रद्दी होतो.

पण कठोर कारवाई केली तर मालक दुसऱ्या ध्वजाकडे निघून जातो आणि नोंदणीचे शुल्क बुडते. ज्या नोंदणीचे उत्पन्नच जहाजांच्या संख्येवर अवलंबून आहे, तिच्याकडून शिस्तीची अपेक्षा करणे कठीण असते. ध्वज बदलताना जुन्या नोंदणीतून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. खलाशांचा पगार चुकता झाल्याचा आणि हमी चालू असल्याचा पुरावा मिळाल्याशिवाय कोणत्याही देशाने हा दाखला देऊ नये, आणि नव्या देशानेही तोच पुरावा मागावा, असे मला ठामपणे वाटते. जहाजाचे नाव आणि ध्वज बदलले तरी त्याचा सात आकडी आयएमओ क्रमांक तोच राहतो, त्यामुळे त्या क्रमांकाशी थकबाकीची नोंद जोडणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही.

तोवर, जहाजावर रुजू होण्याआधी हा क्रमांक मागून घ्या आणि इक्वॅसिस या मोफत संकेतस्थळावर टाकून पाहा. ते जहाज कुठे कुठे रोखले गेले आणि त्याचा ध्वज कितीदा बदलला, हे तिथे दिसते. क्रमांक द्यायला एजंट टाळाटाळ करू लागला, तर करारावर सही करू नका.