शेवटचे दोन आकडे ४७

नवा फोन घेतला आणि माझ्याच ईमेलनं मला उंबऱ्यावर अडवलं. पासवर्ड बरोबर होता, तरी 'हे तुम्हीच आहात याची खात्री करा' हे पालुपद चालूच. कोड कुठे पाठवला म्हणे? तर शेवटी ४७ असलेल्या नंबरवर. बाकीचे आकडे ठिपक्यांच्या बुरख्यात. ४७ म्हणजे माझं जुनं प्रीपेड सिम. रिचार्ज न करता २०१९ साली मीच त्याला मरू दिलं होतं.

पण नंबर कायमचा मरत नाही. बंद पडल्यावर त्याचं ९० दिवस सुतक पाळतात, मग तो दुसऱ्या कुणाला देता येतो. म्हणजे माझा कोड परक्या खिशात वाजत होता! नंबर पाठ होता, लावला.

"दादा, तुमच्याकडे आत्ता सहा आकडे आले असतील..."

"ओटीपी? कुणाला सांगायचा नसतो. कष्ट करून खा की जरा!"

फोन कट. माणूस बरोबरच होता. घाम मला नंतर फुटला: मला न मिळणारा कोड याला घरबसल्या मिळतोय.

दुसरा पर्याय होता जुन्या ऑफिसचा पत्ता. तो मी राजीनामा दिला त्याच संध्याकाळी बंद झालेला. मग इरेला पेटून मी इतक्यांदा प्रयत्न केले, की 'काही वेळानं या' असं सांगून मला हाकलण्यात आलं.

"मामा, त्याला तू दिसत नाहीस, तुझ्या सवयी दिसतात," भाचा म्हणाला. "नेहमीचा कॉम्प्युटर, नेहमीचा ब्राउझर, नेहमीचं वायफाय. तू नव्या फोनवरून, चहाच्या दुकानातल्या नेटवरून दार वाजवतोयस. चोर आणखी वेगळं काय करतो?"

म्हणून सांगली गाठली. आईकडचा जुना कॉम्प्युटर, त्यावर तिनं शिवलेली फुलाफुलांची खोळ. दर सुट्टीत मी इथूनच मेल बघायचो. 'दुसरा मार्ग वापरा' दाबलं. आठवतो तो शेवटचा पासवर्ड विचारला, तो दिला. संपर्कासाठी चालू पत्ता मागितला, तिथे बायकोचा दिला. उत्तर आलं: ४८ तास थांबा. ते मी पिठलं-भाकरीवर काढले. तिसऱ्या दिवशी बायकोला लिंक आली, तिनं ती पाठवली, मी त्याच कॉम्प्युटरवर उघडली आणि एकदाचा आत गेलो.

आत शिरल्या शिरल्या ४७ला नारळ दिला. आता नंबर टाकायचा तो न बदलणारा. आईचा! पंधरा वर्षं एकच नंबर. तिचाच टाकला. स्वयंपाकघरात फोन टुणकन वाजला.

"आई, सहा आकडे आलेत बघ. वाच जरा."

"नाही वाचणार."

"अगं, मी मागतोय!"

"मागच्या महिन्यात तूच बजावलंस ना, पोटच्या पोरानं मागितला तरी सांगायचा नाही म्हणून?"