म्हशीचं मीम

आज दहावीचा निकाल. दुपारी एकला लागणार होता आणि १२:४० ला आमच्या माहेरच्या ग्रुपवर काकांचं मीम पडलं. एक म्हैस, तिच्या शेजारी काठी घेतलेला पोरगा, वर लिहिलंय "३५ टक्केवाल्यांनो, प्लेसमेंट झाली". ग्रुपमध्ये ६४ माणसं. त्यात दहावीला यंदा एकच, माझ्या ताईचा मुलगा. म्हणजे कुणासाठी होतं ते सांगायला नको.

मला राग का आला ते सांगते. हा जोक मी आधी ऐकलाय. १९९६ ला. याच काकांच्या तोंडून. तेव्हा निकाल शाळेत मिळायचा, मी मार्कशीट घेऊन घरी आले, गणितात ५८, तेही दीडशेपैकी (आमच्या वेळी बीजगणित ७५ आणि भूमिती ७५ असायचं), आणि ओसरीवर काका अप्पांना म्हणाले, "पेढे कशाला, हिला दावं आणून द्या, म्हशी राखेल." सात-आठ माणसं होती, सगळी हसली. अप्पापण हसले. काकांचं मी कधीच सोडून दिलं असतं हो, पण अप्पा हसले ते अजून डोक्यात आहे.

आणि आज ताईने त्या म्हशीवर हसरा इमोजी टाकला!! खरंतर तेव्हा ताईचे हात थरथरत होते, मी शेजारीच बसलेले. mahresult.nic.in आधी उघडेना, उघडली तर सीट नंबर टाकला, खाली आईचं नाव टाकलं, निकाल काही दिसेना. परत टाकलं. परत नाही. पोरगा भिंतीला टेकून उभा, एकदम गप्प. पाचव्यांदा मी म्हटलं हॉलतिकीट आण आधी. बघते तर शाळेने फॉर्म भरताना Suneeta लिहिलेलं आणि ताई आयुष्यभर Sunita लिहिते. झालं, एवढंच होतं. पण त्या दहा मिनिटांत ग्रुपवर आणखी चार मीम आले, "पेढे की केळी", "मोबाईल जप्त समारंभ", वगैरे वगैरे, आणि प्रत्येक टिंगला पोरगा दचकत होता.

मराठी ७४, हिंदी ७०, इंग्रजी ६१, विज्ञान ५७, सामाजिक शास्त्रं ७१. गणित ३८. म्हणजे बेस्ट ऑफ फाइव्हने गणित बाहेर, ३३३ भागिले ५००, ६६.६ टक्के. (सहाही धरले असते तर ६२ च्या आत गेला असता. आम्हाला कुठे होती ही सोय!) पासही झाला आणि फर्स्ट क्लासही.

मग साहेब दहा मिनिटं खोलीत गेले आणि स्वतःच मीम बनवून आले. पाच जणांचा फॅमिली फोटो, पाचही चेहऱ्यांवर विषयांची नावं, आणि लांब गच्चीवर एकटा उभा माणूस, त्यावर "गणित". खाली बारीक अक्षरात, "अंतर्गतच्या १८ मार्कांनी जीव वाचवला". म्हणजे लेखीत ८० पैकी २० हेही त्यानेच जगाला सांगितलं. मी पोट धरून हसले. त्याचे मार्क, त्याचा जोक, तो काय वाट्टेल ते करेल. निकालाच्या आधी वीस मिनिटं मोठ्या माणसाने पोराच्या पुढ्यात म्हैस बांधायची, याला गंमत नाही म्हणत.

बरं, मान्य, आमच्या घरात काळजी वाटतेय असं कुणी सरळ म्हणत नाही, चिडवूनच म्हणतात. काकांनीही फोन करून दोनदा विचारलं होतं पेपर कसे गेले. आणि मीही मागच्या वर्षी असल्याच एका मीमला अंगठा दिला होता, बघितलं आज स्क्रोल करून. दिला होता. तेव्हा आपल्या घरात दहावीला कुणी नव्हतं ना.

पण म्हशी?? काका, तुमची आणि अप्पांची फी आजोबांनी दूध घालूनच भरली ना? पहाटे चारला उठून धारा काढणारा माणूस आपल्या घरात नापासाची शिक्षा कधीपासून झाला?

हे सगळं ग्रुपवर लिहिणार होते. लिहून खोडलं. म्हणून इथे.

ताईला संध्याकाळी विचारलं, तू का हसलीस गं त्यावर? म्हणाली, "नाही हसले तर सगळ्यांना कळलं असतं ना मी घाबरलेय." मला एकदम अप्पा आठवले. मग काही बोलता येईना.

आत्ता पोराचा मेसेज आला, "मावशी, तुला गणितात किती होते?" म्हटलं दीडशेपैकी ५८. दोन मिनिटं शांतता. मग, "म्हणजे ३८.६७. तू पॉइंट सहा सातने पुढे, पण तुझं गणित घरातच राहायचं ना?"

गणितात ३८ म्हणे.