गाडगीळ 1993 सापडत का नाही? संदर्भसूचीतल्या क्रमाबद्दलचा एक गैरसमज

«संदर्भसूचीत पहिला लेखक एकच असेल तर त्याच्या सगळ्या नोंदी सरळ वर्षाप्रमाणे लावा, सहलेखक कोण ते बघू नका. तो दुसऱ्या क्रमांकाचा लेखक असला तरी तो लेख त्याच्याच खाली घ्या. एकाच वर्षाच्या दोन नोंदी आल्या की a, b लावा. किंवा वर्डमध्ये सॉर्ट करा, काम झालं.»

हा सल्ला पीएच.डी.च्या मुलांमध्ये एकमेकांना पाठवला जातो आणि तो पाळून केलेल्या याद्या माझ्याकडे तपासायला येतात. त्यातलं एकेक वाक्य घेऊन बोलते. उदाहरण माधव गाडगीळांचं घेते, कारण पश्चिम घाट किंवा देवराया या विषयावरच्या प्रबंधात त्यांचं नाव असतंच, आणि त्यांनी एकट्याने, दोघांत, तिघांत असं सगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं आहे. शैली एपीएची, सातवी आवृत्ती. आपल्याकडे समाजशास्त्रं, शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र यांत बहुतेक तीच मागतात.

पहिलं वाक्य, वर्षाप्रमाणे लावण्याचं. तसं केलं तर यादी अशी होते: बॉसर्टसोबत 1970, एकटे 1971, सोलब्रिगसोबत 1972, वर्तकांसोबत 1976, मग पुढचे सहलेखक आणि शेवटी पुन्हा एकटे, 2023चं आत्मचरित्र. म्हणजे एकट्याच्या दोन नोंदी यादीच्या दोन टोकांना. वाचक सूचीकडे येतो तो मजकुरातला संदर्भ हातात घेऊन. «गाडगीळ आणि गुहा, 1992» वाचून आलेल्या माणसाकडे दोन नावं असतात, आणि तो ती नावंच शोधतो. वर्ष त्याला शेवटी लागतं, गाडगीळ-गुहांची 1992 आणि 1995 ही दोन पुस्तकं वेगळी करायला.

म्हणून नियम असा आहे. एकट्या लेखकाच्या नोंदी आधी, मग त्या कितीही अलीकडच्या असोत. 2023चं आत्मचरित्र 1970च्या बॉसर्टसोबतच्या लेखाच्या आधी येतं. त्यानंतर सहलेखकांसोबतच्या नोंदी दुसऱ्या लेखकाच्या आडनावाप्रमाणे, दुसराही तोच असेल तर तिसऱ्याच्या. सगळी नावं त्याच क्रमाने तीच असतील तेव्हाच वर्ष बघायचं, जुनं आधी. तर्क शब्दकोशाचाच आहे. «घर» हा शब्द «घरकुल»च्या आधी येतो, कारण जिथे एक संपतो तिथे दुसऱ्यात अजून काही शिल्लक असतं. शिकागो शैलीही इथे असंच सांगते.

हे लावल्यावर गाडगीळांची यादी अशी दिसते: एकटे 1971, एकटे 2023. मग बर्केस 1991, बर्केस आणि फोल्के 1993, बॉसर्ट 1970, गुहा 1992, गुहा 1995, मल्होत्रा 1983, प्रसाद आणि अली 1983, सोलब्रिग 1972, वर्तक 1976. वर्षं वरखाली उड्या मारतात आणि ते बरोबर आहे. आडनावांची रोमन अक्षरं बघा: B, B, B, G, G, M, P, S, V.

यात एक जागा अशी आहे जिथे काळजीपूर्वक काम करणारेही चुकतात. बर्केस-फोल्के हा तिघांचा लेख, आणि तो बॉसर्टसोबतच्या दोघांच्या लेखाआधी आला आहे. «आधी एक, मग दोन, मग तीन» अशी मोजणी एपीएत नाही, फक्त अक्षरं आहेत. बर्केस 1991 हा बर्केस-फोल्केच्या आधी येतो तोही घर-घरकुल न्यायाने, वर्षामुळे नाही.

मोजणीचा नियम खरोखर आहे, पण दुसरीकडे. स्प्रिंगरच्या लेखक-वर्ष शैलीत एकट्याच्या नोंदी वर्षाने, दोघांच्या सहलेखकाच्या नावाने आणि मग वर्षाने, आणि तीन किंवा जास्त लेखकांच्या नोंदी पहिल्या लेखकाखाली नुसत्या वर्षाने लावतात. तिथे प्रसाद-अली 1983 आधी आणि बर्केस-फोल्के 1993 नंतर. त्यालाही सबळ कारण आहे: मजकुरात «गाडगीळ आणि इतर, 1993» एवढंच छापलेलं असतं, दुसरं नाव वाचकाला दिसतच नाही, मग त्याने B कुठून शोधायचा? वर्षाचा आग्रह धरणाऱ्यांचा मुद्दा इथे मला मान्य आहे. पण तो तीन आणि त्याहून अधिक लेखकांपुरताच, आणि तुमच्या विद्यापीठाने किंवा नियतकालिकाने ती शैली मागितली असेल तरच.

आता ज्यात तो दुसऱ्या क्रमांकाचा लेखक आहे तो लेख. ब्रिटिश काळातल्या वनव्यवस्थेवरचा 1989चा लेख रामचंद्र गुहा आणि माधव गाडगीळ यांचा आहे, याच क्रमाने. तो गुहांच्या खाली, G-u मध्ये जातो. गाडगीळांखाली ओढायचा तर नावांचा क्रम उलटावा लागेल, आणि लेखावर छापलेला क्रम बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही. बऱ्याच विषयांत पहिलं नाव म्हणजे कामाचा मोठा वाटा, तो आपण परस्पर दुसऱ्याला देऊन टाकतो. «सगळं एकत्र राहावं» ही इच्छा लेखकसूचीची आहे, संदर्भसूची ती पुरवत नाही.

a आणि b बद्दल 1983 बघा. मल्होत्रांसोबतचा लेख जातिव्यवस्थेच्या परिसरशास्त्रीय अंगावर, प्रसाद-अलींसोबतचा वनव्यवस्थापनावर. मजकुरात पहिला «गाडगीळ आणि मल्होत्रा, 1983» होतो, दुसरा «गाडगीळ आणि इतर, 1983». दोन्ही आधीच वेगळे दिसतात, अक्षर लावलं तर वाचक नसलेली जोडी शोधत बसतो. a, b लागतात ते सगळे लेखक त्याच क्रमाने तेच आणि वर्षही तेच असेल तेव्हा. त्यात a कोणाला मिळणार हे लेखाच्या शीर्षकावरून ठरतं, सुरुवातीचं A, An किंवा The सोडून.

आता वर्डचं सॉर्ट. ही चूक सगळ्यात फसवी, कारण यादी नीट लागल्यासारखी दिसते. वर्ड नावं ओळखत नाही, चिन्हं ओळखतो, आणि & हे चिन्ह तो अक्षरांच्या आधी धरतो. त्यामुळे असं होतं:

```
Gadgil, M., & Vartak, V. D. (1976).
Gadgil, M., Berkes, F., & Folke, C. (1993).
```

V आधी आणि B नंतर. दोघांचे सगळे लेख वर सरकतात आणि तिघांचे खाली जातात. ही यादी एपीएची नाही, आणि स्प्रिंगरचीही नाही, कारण तिथे खालच्या गटात वर्ष चालतं आणि वर्ड तिथे अक्षरं लावतो. मराठी प्रबंधात & च्या जागी «आणि» असतं आणि दोष तोच राहतो: «आणि»तला आ हा स्वर सगळ्या व्यंजनांच्या आधी येतो, म्हणून «गाडगीळ, मा., आणि वर्तक» ही नोंद «गाडगीळ, मा., बर्केस»च्या वर जाऊन बसते.

सॉर्ट करायला हरकत नाही, त्याने वेगवेगळी आडनावं जागेवर येतात. त्यानंतर ज्या पहिल्या लेखकाच्या तीनचार नोंदी आहेत तेवढेच गठ्ठे हाताने बघा: & किंवा «आणि» झाकून फक्त दुसरं आडनाव वाचत खाली या. देवनागरी यादीत हे वाचन वर्णमालेने करायचं, तेव्हा गाडगीळांच्या सहलेखकांत गुहा सगळ्यात वर येतात, त्यांच्यामागे प्रसाद आणि मग बर्केस. इंग्रजी सूचीतला क्रम मराठीत जसाच्या तसा उतरवून घेतला की नेमकं हेच चुकतं.