व्हिटॅमिन ८१२

"जुने लॅब रिपोर्ट एक्सेलमध्ये घ्यायचेत? स्कॅन करा, ओसीआर करा, म्हणजे चित्रातला मजकूर टाइप होऊन येईल. मग O च्या जागी 0, l च्या जागी 1, S च्या जागी 5, B च्या जागी 8 असं सगळीकडे रिप्लेस मारा. नावांना स्पेलचेक लावा. ओसीआरचा कॉन्फिडन्स ९५ च्या वर असेल तिथे बघूही नका. शेवटी नॉर्मल रेंजच्या बाहेरचे आकडे तेवढे पेपरशी ताडून पाहा. काम फत्ते! पुढे पाठवा."

ताईने हे मला पाठवलं ते सगळं करून झाल्यावर. बाबांच्या कित्येक वर्षांच्या रिपोर्टांची फाइल सोबत होती, आणि प्रश्न होता, "हे व्हिटॅमिन ८१२ काय असतं रे?"

B12 चा B गेला, दुसरं काय! एक्सेलमधलं रिप्लेस मुद्दाम सांगितल्याशिवाय लहान-मोठी लिपी पाहत नाही. त्यामुळे `Cholesterol` चं `Ch01e5ter01` झालं, `ESR` चं `E5R`, `Hb` चं `H8`, आणि लघवीच्या तपासणीतलं `Nil` झालं `Ni1`. हे हसण्यावारी नेता येतं, कारण चूक डोळ्यांत भरते. भीती वाटावी अशी चूक पोटॅशियमच्या ओळीत होती. पेपरवर `3.2 L` होतं, म्हणजे कमी असल्याची खूण. L चा 1 झाला, ताईने मोकळ्या जागा काढल्या आणि उरलं `3.21`. इशारा देणारं अक्षर दशांश होऊन आकड्यात मुरलं. असं रिप्लेस करायचंच असेल तर फक्त निकालाच्या रकान्यात, तेही खूण आधी वेगळ्या रकान्यात काढून आणि अंक-अक्षर एकत्र आलेली प्रत्येक जागा डोळ्यांनी बघून.

स्पेलचेकचं अर्धं खरं आहे, मान्य. तपासण्यांची नावं मोजकी असतात, त्यांची यादी करून जुळवली की `Creatmine` नीट होतं. पण SGOT आणि SGPT मध्ये एकाच अक्षराचा फरक आहे, IgA आणि IgG मध्येही. तिथे "सगळ्यात जवळचं नाव" निवडणं म्हणजे नाणेफेक.

आता तो रेंजचा सल्ला. ताईच्या फाइलमधली ही सीबीसी बघा, नावं तेवढी मी नीट केलीत:

```
Hb    13.2
RBC   4.81
HCT   39.8
MCV   86.3
MCH   28.6
MCHC  33.2
```

एकही आकडा बाबांच्या रिपोर्टवरच्या रेंजबाहेर नाही, म्हणजे त्या सल्ल्याप्रमाणे पुढे जायचं. पण यातले शेवटचे तीन आकडे वरच्या तिघांशी गणिताने बांधलेले असतात. एचसीटीला आरबीसीने भागून दहाने गुणलं की एमसीव्ही यायला हवा. इथे येतो ८२.७, छापलाय ८६.३. हिमोग्लोबिनला आरबीसीने भागून दहाने गुणलं की एमसीएच. येतो २७.४, छापलाय २८.६. एमसीएचसीसाठी मात्र हिमोग्लोबिनला एचसीटीने भागून शंभराने गुणायचं, त्यात आरबीसी नाही, आणि तो बरोबर ३३.२ येतो. जिथे आरबीसी आहे तिथेच गणित फसतंय, म्हणजे संशयित एकच. ४.६१ घालून बघितलं, दोन्ही जुळले. पेपरवर ४.६१ च होतं. पुसट छपाईत ६ ची वरची फट बुजली होती. पहिल्या दशांशातला एखाद्या घराचा फरक यंत्राच्या पूर्णांकनाचा असतो, त्यावरून कान टवकारू नका.

आणि या `4.81` चा कॉन्फिडन्स होता ९६. तो आकडा एवढंच सांगतो की ठिपक्यांचा आकार प्रोग्रामला ८ सारखा वाटला. शाई पसरून ६ खरोखरच ८ सारखा दिसत असेल, तर तो छातीठोकपणे चुकणार.

पेपरशी ताडा म्हटलंय, ते बरोबर. पण ताईने ताडलं स्कॅनच्या पीडीएफशी. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करतानाच अंक बदलत होती. घराच्या नकाशात १४.१३, २१.११ आणि १७.४२ असं तीन खोल्यांचं क्षेत्रफळ होतं, स्कॅनमध्ये तिन्ही १४.१३. ओसीआरचा तिथे संबंधच नव्हता. जेबिग२ नावाच्या कॉम्प्रेशनमध्ये सारखे दिसणारे तुकडे एकच मानून तोच ठसा पुन्हा वापरला जात होता. कंपनीने नंतर दुरुस्ती काढली. तरी अशी चूक दिसायला स्वच्छ, ठसठशीत असते, पीडीएफ कितीही मोठी करून बघा. म्हणून कागद फेकायचा नाही, आणि स्कॅन लॉसलेस ठेवायचं.

सीबीसीसारखं गणित क्रिएटिनिनला किंवा पोटॅशियमला लावता येत नाही, तिथे आकडा एकटा उभा असतो. ते रकाने ताई आता ओसीआरकडे न बघता कागदावरून टाइप करतेय, मी दोन्ही फाइली वजा करतो, आणि शून्य न आलेल्या ओळींसाठी पुन्हा कागद काढतो. काल क्रिएटिनिनमध्ये एक सापडली: कागदावर ०.९, फाइलमध्ये ९. टिंब स्कॅनमध्येच पुसलं गेलं होतं आणि `09` चा पुढचा शून्य एक्सेलने खाल्ला होता.