मंगलाताई बोलतोय

"हॅलो, मी मंगलाताई बोलतोय."

आवाज घोगरा, पुरुषी, पन्नाशीच्या पुढचा. राँग नंबर म्हणून फोन ठेवणार, तोच पुढचं वाक्य आलं. "तुमचा मेल मिळाला. आमच्या बिस्किटांचं कौतुक केलंत, बरं वाटलं. पण आम्ही पंप बनवतो हो. ओतीव लोखंडाचे. चहात बुडवून बघितला एक, मऊ पडत नाही."

आमची भोसरीत पुठ्ठ्याची खोकी बनवायची छोटी कंपनी आहे. नवीन गिऱ्हाईक मिळावं म्हणून शंभरेक परचेसवाल्यांना मेल गेले होते, प्रत्येकात यादीतून ज्याचं त्याचं नाव आणि मजकूर, खाली सही माझी. पाठवण्याआधी आमच्या साहेबांना यादी 'जरा नीट' लावायची हुक्की आली. त्यांनी एक्सेलमध्ये फक्त ईमेलचा कॉलम धरला आणि ए टू झेड केला. एक्सेल बिचारं थांबून विचारतं, बाकीचे कॉलमही सोबत हलवू का? Expand the selection वर खूण आधीच केलेली असते. साहेबांनी ती मुद्दाम काढून Continue with the current selection निवडलं. झालं! पत्ता एकाचा, नाव आणि माल दुसरीचा.

"तर मंगलाताईंचं काय म्हणणं आहे," पंपवाले रंगात आले होते, "की त्यांच्या सध्याच्या माणसाची खोकी पावसाळ्यात बसतात. खरंय का?"

"साहेब, तो मेल तुमच्यासाठी नव्हता..."

"ते कळलं. खोकी का बसतात ते सांगा."

भर दुपारी मी सांगत बसलो. पुठ्ठा हवेतली ओल पितो, मग थप्पीच्या तळाचं खोकं वरचं वजन पेलत नाही. ते "अस्सं!" म्हणत गेले. शेवटी म्हणाले, "ताईंना सांगा, दमट गोदाम सोडा म्हणावं." आणि फोन ठेवला. माणूस नोकरीतून मोकळा कधी होतो देव जाणे, पण नाटकात हवा होता.

मी हसलो, पण पोटात गोळा आला होता. ती पावसाळ्याची तक्रार मंगलाताईंनी मला समोरासमोर, चहा पिताना सांगितली होती. ती आता त्यांच्या कंपनीच्या नावासकट परक्याच्या इनबॉक्समध्ये पडली होती. नाव चुकलं तर लोक हसून सोडतात. एकाची गोष्ट दुसऱ्याकडे गेली तर सोडत नाहीत, आणि का सोडावी?

साहेब म्हणाले, "मेल परत बोलव." जीमेलमध्ये पाठवलेला मेल थांबवायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात, आणि आमचं तर जेवणसुद्धा उरकलं होतं. आउटलुकचं रिकॉल दोघं एकाच कंपनीत असतील तरच चालतं. मग साहेबांची दुसरी आयडिया, "सगळ्यांना बरोबर नावानं नवीन पाठव, जणू पहिला गेलाच नाही." कुठल्या यादीवरून? त्याच!

मी आधी बंद केला तो परवासाठी लावून ठेवलेला आठवणीचा मेल. नाहीतर पंपवाल्यांना "मंगलाताई, माझा मेल पाहिलात का?" गेलं असतं. मग जुनी फाईल काढून कुणाला कुणाचा मजकूर गेला ते जुळवलं. सगळ्यात आधी मंगलाताईंना फोन केला, लिहून नाही. मेल कुठल्या प्रकारच्या कंपनीत गेला आणि त्यात त्यांचं कोणतं वाक्य होतं, दोन्ही सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "बरं झालं, आमच्या पुरवठादाराला नाही गेला."

बाकीच्यांना त्याच मेलवर उत्तर म्हणून लिहिलं, विषय न बदलता, एकेकाला हाताने टाईप करून:

"नमस्कार. सकाळी आमच्याकडून आलेल्या मेलमधलं नाव आणि मजकूर दुसऱ्या कंपनीचा होता. आमच्या यादीत पत्ते सरकले. क्षमस्व. कृपया तो मेल डिलीट करावा. तुमची कोणतीही माहिती बाहेर गेलेली नाही."

शेवटचं वाक्य ज्यांच्या बाबतीत खरं होतं त्यांनाच. ज्यांनी भेटीत काही सांगितलं होतं, त्यांना फोन. साहेबांना त्यात "या निमित्ताने आमचे नवे दर" घालायचे होते. माफी मागताना खोकी विकायची! लग्नात आहेर देऊन पावती मागणारा एक काका आमच्याकडे आहे, तो आठवला. दर घातले नाहीत. विषयात हसऱ्या चेहऱ्यासह "उप्स" लिहायची सूचनाही हाणून पाडली. ज्याला बिस्किटवाली म्हटलंय त्याच्याशी लगेच सलगी कशाला?

संध्याकाळपर्यंत बोटं दुखली. एकही माफी साहेबांच्या नावाने गेली नाही, कारण "मेल तुझ्या नावाने गेलेत ना." बरोबरच आहे. पगारसुद्धा माझ्याच नावाने येतो, तो मात्र उशिरा.

आता साहेबांनी यादीला पासवर्ड लावलाय, कुणी हात लावू नये म्हणून. पासवर्ड त्यांनाच माहीत आहे. यादी लावायला मला त्यांनाच बोलवावं लागतं.